नव्या शेजारणीला लाडकं खेळणं देण्याबद्दलची गोष्ट, सहा वर्षांच्या मुलासाठी – मदत हवी आहे

मृद्गंध

माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. शेजारचं घर बरेच दिवस रिकामं होतं, तिथे चार दिवसांपूर्वी नवीन कुटुंब राहायला आलं. त्यांची मुलगी याच्याच वयाची. दुसऱ्याच दिवशी ती आमच्याकडे खेळायला आली. याचा पिवळा डंपर तिने उचलला आणि याने तो तिच्या हातातून हिसकावून घेतला. ती रडली नाही. थोडा वेळ तशीच उभी राहिली, मग आपली आपण घरी गेली. तिचं ते न रडणं मला फार लागलं.

मी त्याला रागावले नाही. रोज रात्री झोपताना गोष्ट सांगते, म्हटलं यावरच एक रचावी. ती अशी:

*सोनूकडे एक कापडी ससा होता. सोनू सशाला कुशीत घेऊनच झोपायचा. एके दिवशी शेजारी मिनू राहायला आली. मिनूकडे एकही खेळणं नव्हतं. ती खूप दुःखी होती. सोनूला वाईट वाटलं. त्याने आपला ससा मिनूला देऊन टाकला. मिनू हसली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आईने सोनूला शाबासकी दिली आणि एक नवीन खेळणं आणून दिलं. म्हणून आपण नेहमी वाटून खेळावं.*

डंपरऐवजी ससा घेतला, कारण ससा त्याचा सगळ्यात लाडका. गोष्ट संपल्यावर तो बराच वेळ गप्प होता. मग विचारलं, "मग सोनू झोपला कसा?" मी म्हटलं, नवीन खेळणं घेऊन झोपला. तो म्हणाला, "नाही झोपला." आणि स्वतःचा ससा पांघरुणाच्या आत ओढून घेतला.

गोष्ट फसली हे कळतंय. कुठे फसली ते नीट कळत नाहीये. दोन-तीन दिवसांत ती मुलगी परत येईल, त्याआधी चांगली गोष्ट हवी आहे.

वाटसरू

आमच्याकडे हेच झालं होतं. मी सांगितलेल्या गोष्टीत मुलगा आपली आगगाडी मित्राला कायमची देऊन टाकतो. मला ते फार उदात्त वाटलं होतं. सकाळी पाहिलं तर लेकीने सगळी खेळणी पलंगाखाली भिंतीकडच्या कोपऱ्यात सरकवलेली आणि दोन तर उशीच्या अभ्र्यात घातलेली. पुढचे आठ दिवस घरी कोणी आलं की ती आधी खोलीचं दार लावून घ्यायची. गोष्टीतून तिने एवढंच घेतलं होतं की हे लोक आता आपली खेळणी देऊन टाकणार आहेत.

निवांत

मृद्गंध, गोष्ट चांगली आहे गं. फक्त माणसांऐवजी प्राणी घे. खारूताई, ससा, कासव असले की मुलं रमतात, आणि आपल्यावरच बोलतायत असं त्यांना वाटत नाही. शिवाय शेवटी तात्पर्य स्पष्ट सांग. मी तीन नातवंडांना वाढवलंय. तात्पर्य नसेल तर मुलं नुसती मजा ऐकतात आणि विसरून जातात. आणखी एक, पुस्तकातून वाचू नकोस, तोंडी सांग. आवाज हळूहळू खाली आणत जा.

अक्षरवेल

मी बावीस वर्षं बालवाडीत आणि पहिलीत शिकवलं. वर्गात रोज एक गोष्ट व्हायचीच, त्यामुळे या धाग्यावर राहवत नाही म्हणून लिहिते.

मृद्गंध, तुमच्या मुलाने नेमकी जागा दाखवली आहे. "मग सोनू झोपला कसा?" हा गोष्टीवरचा खरा आक्षेप आहे आणि त्याचं उत्तर गोष्टीत नाही. लहान मुलांची लाडकी खेळणी दोन जातींची असतात. एक झोपेचं, एक खेळाचं. झोपेचं कोणतं ते ओळखायला सोपं आहे: ते धुवायला टाकलं की मूल बेचैन होतं, त्याला वास असतो, आणि तसंच दुसरं नवं आणून दिलं तर मूल ते घेत नाही. ससा तसला आहे. तो कोणाला द्यायचाच नसतो, गोष्टीतही नाही. आपण मोठी माणसं तरी आपली उशी पाहुण्याला देऊन रात्रभर जागे राहतो का? डंपर खेळाचा आहे. गोष्ट डंपरची करा. भांडणही त्याच्यावरूनच झालं होतं.

दुसरं म्हणजे "देऊन टाकला". तुम्हाला प्रत्यक्षात काय हवंय? ती मुलगी थोडा वेळ डंपर खेळेल आणि जाताना ठेवून जाईल, इतकंच ना? मग गोष्टीतही तितकंच घडू दे. सहा वर्षांच्या मुलाला देणं आणि खेळू देणं यातला फरक मोठ्यांपेक्षा जास्त चांगला कळतो. आपणच बोलताना दोन्हीला "दे तिला" म्हणतो.

तिसरं, बक्षीस. शेवटी आई नवीन खेळणं आणते म्हणजे सोनूने सौदा केला. उद्या डंपर दिल्यावर तुमचा मुलगा तुमच्या तोंडाकडे बघेल, काय मिळतंय म्हणून.

निवांत काकू, आवाज खाली आणण्याचं तुमचं म्हणणं अगदी खरं, त्याकडे मी परत येईन. तात्पर्याबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. स्मिथ, ब्लेक आणि हॅरिस या तिघांचा २०१३ सालचा एक अभ्यास आहे, ३ ते ८ वर्षांच्या मुलांवरचा. स्टिकर दिले आणि विचारलं, दुसऱ्या मुलाला किती द्यायला हवेत? लहान-मोठी सगळी म्हणाली, निम्मे. प्रत्यक्ष देताना मात्र लहानांनी स्वतःकडे जास्त ठेवले, निम्मे दिले ते ७-८ वर्षांच्या मुलांनी. म्हणजे सहा वर्षांच्या मुलाला "वाटून खेळावं" हे आधीच माहीत असतं. अडचण पुढची आहे. डंपर दुसऱ्याच्या हातात असताना आपल्या पोटात जे होतं त्याचं काय करायचं, ते त्याला माहीत नाही. गोष्टीने तिथे त्याच्याजवळ थांबायला हवं. तुमच्या गोष्टीत "त्याने ससा देऊन टाकला" हे एका वाक्यात उरकलंय आणि टाळ्या सुरू झाल्यात.

रानपाखरू

माझी दोन मुलं आहेत, सहा आणि तीन. रोज भांडणं. मी प्रत्येक खेळणं दोन-दोन आणायला सुरुवात केली आहे. मृद्गंधनेही दुसरा डंपर आणून ठेवला तर प्रश्नच मिटेल ना? गोष्टीत पण तसंच दाखवता येईल.

अक्षरवेल

रानपाखरू, भावंडांचं गणित वेगळं आहे. तिथे दोघं दिवसभर एकाच घरात असतात आणि कोणी खेळणं घेऊन निघून जाणार नसतं. इथे मुलगी अनोळखी आहे. तुमच्या तीन वर्षांच्या बाळासाठी जोडी ठेवणं ठीक आहे, त्या वयात वाट बघणं फार अवघड जातं. पण इथे दुसरा डंपर आला तरी ती नेमका पहिला उचलेल आणि हा पुन्हा तोच ओढेल. मी वर्गात चार सारखे चेंडू ठेवून पाहिले आहेत. एक "खरा" ठरायचाच.

स्वरदा

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. लहानपणी आम्ही पाच घरं बदलली, म्हणजे प्रत्येक ठिकाणी ती "नवी मुलगी" मीच. गोष्टीतली मिनू मला खटकली. तिच्याकडे एकही खेळणं नाही, ती दुःखी, सोनू तिच्यावर दया करतो. माझ्याकडे खेळणी असायची हो! ती खोक्यात असायची. कुठल्या खोक्यात ते आईलाही आठवायचं नाही, आणि स्वयंपाकघराची खोकी आधी उघडावी लागायची. चार-पाच दिवस हात रिकामे. त्या दिवसांत कोणी बिचारी म्हणून खेळणं पुढे केलं की मला ते नको व्हायचं. कोणी "इकडे ये, हे धर" म्हटलं की मी धावत जायचे.

मिनूला काहीतरी येऊ दे. काहीतरी दिसू दे, जे सोनूला दिसलं नव्हतं. गोष्टीचं निम्मं ओझं तिलाही उचलू दे.

पाटीपेन्सिल

प्राण्यांच्या मुद्द्यावर भर घालतो. टोरांटो विद्यापीठात लार्सन, ली आणि गानेया यांनी ४ ते ६ वर्षांच्या मुलांवर हेच करून पाहिलं होतं. वाटून घेण्याची एकच गोष्ट, एका पुस्तकात माणसांची पात्रं, दुसऱ्यात कपडे घातलेले प्राणी. गोष्टीच्या आधी आणि नंतर मुलं आपल्या १० स्टिकरांपैकी किती देतात ते मोजलं. माणसांची गोष्ट ऐकल्यावर मुलांनी जास्त दिले, प्राण्यांच्या गोष्टीनंतर तसं झालं नाही. त्यामुळे या गोष्टीत तरी माणसंच ठेवावीत.

निवांत

स्टिकर वेगळे आणि रात्री आजीच्या कुशीत ऐकलेली खारूताई वेगळी. माझ्या नातवाने खारूताईच्या गोष्टीनंतर स्वतःहून पतंग दिला होता, मी डोळ्यांनी पाहिलंय. पण स्वरदाचं म्हणणं पटलं. खोक्यांचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

अक्षरवेल

काकू, तेही खोटं नाही. तो प्रयोग एकदा वाचलेल्या गोष्टीचा आहे आणि लगेच मोजलेल्या स्टिकरांचा. महिनाभर रोज ऐकलेल्या गोष्टीचं काय होतं ते त्यातून कळत नाही. मी स्वतः मात्र माणसंच घेईन. या मुलाला शेजारी खारूताई भेटणार नाहीये, एक मुलगी भेटणार आहे.

मृद्गंध, मला एक सांगा. त्या डंपरमध्ये खास काय आहे? म्हणजे फक्त त्यालाच माहीत असलेलं काही?

मृद्गंध

बापरे, किती सुचवलंत सगळ्यांनी! ससा गोष्टीतून काढते.

डंपरचं म्हणाल तर मागची पेटी उचलली की घर्र असा आवाज येतो, तो त्याला फार आवडतो. आणि एक चाक वाकलंय, त्यामुळे डंपर सरळ ढकलला तरी डावीकडे जातो. तो थोडा उजवीकडे दाबून ढकलतो. मी एकदा चाक नीट करू का विचारलं, तर नको म्हणाला.

अक्षरवेल

बघा, गोष्ट तिथेच आहे. वाकडं चाक. काल रात्री लिहून काढली. तुमच्या घरच्यापेक्षा उलट केलं आहे, डंपर मुलीचा आणि नवा शेजारी मुलगा. अगदी त्याचीच गोष्ट वाटली तर मूल ऐकण्याऐवजी स्वतःची बाजू मांडत बसतं.

*रेवाकडे एक पिवळा डंपर होता. त्याची पेटी उचलली की आवाज यायचा, घर्रर्र. त्याचं एक चाक वाकडं होतं. सरळ ढकलला तरी डंपर डावीकडे जायचा. म्हणून रेवा त्याला थोडा उजवीकडे दाबायची. मग तो बरोब्बर सरळ जायचा. हे फक्त रेवाला माहीत होतं.*

*एके दिवशी शेजारच्या घरात खोकी आली. मोठी खोकी, छोटी खोकी, पट्ट्या चिकटवलेली खोकी. सगळ्यांत शेवटी एक मुलगा आला. त्याचं नाव ईशान.*

*ईशान पायरीशी येऊन उभा राहिला.*

*"तुझी खेळणी कुठेत?" रेवाने विचारलं.*

*"खोक्यात."*

*"कुठल्या खोक्यात?"*

*"माहीत नाही. सगळी सारखीच दिसतात."*

*ईशानने डंपरकडे पाहिलं. "मी घेऊ?"*

*रेवाने डंपर पोटाशी धरला. "नाही."*

*"बरं," ईशान म्हणाला आणि पायरीवर बसला.*

*रेवाने डंपरमध्ये खडे भरले. ढकलत झाडापर्यंत नेला. पेटी उचलली, घर्रर्र. खडे ओतले. रिकामा डंपर घेऊन परत आली. ईशान बघत होता. रेवाने पुन्हा खडे भरले. ईशान बघत होता.*

*"तो डावीकडे जातो ना?" ईशान म्हणाला.*

*रेवा थांबली. हे कोणालाच कळत नसे. बाबांनाही नाही.*

*"त्याचं चाक वाकडं आहे," ती म्हणाली.*

*"म्हणून तू उजवीकडे दाबतेस?"*

*"हो."*

*रेवाच्या पोटात एक घट्ट गाठ होती. ती थोडी सैल झाली. थोडीशीच. रेवाने डंपरकडे पाहिलं. मग ईशानकडे पाहिलं. मग परत डंपरकडे.*

*"दहा खेपा," ती म्हणाली. "दहा खेपा तुझ्या. मग माझा."*

*"दहा खेपा," ईशान म्हणाला.*

*एक खेप गेली, घर्रर्र, रिकामी आली. दोन खेपा गेल्या, घर्रर्र, रिकाम्या आल्या. तिसऱ्या खेपेला डंपर डावीकडे वळला आणि भिंतीवर आपटला. ठक! रेवा ताडकन उभी राहिली. "उजवीकडे!" ईशानने डंपर उचलला. चाक फिरवून पाहिलं. फिरत होतं. त्याने डंपर उजवीकडे दाबला. चौथी खेप सरळ गेली.*

*रेवाचे हात रिकामे होते. रिकाम्या हातांना काय करावं कळेना. आधी ते मागे गेले. मग फ्रॉकच्या खिशात गेले. मग त्यांनी एक खडा उचलला. आणखी एक उचलला. पाचवी खेप आली तेव्हा रेवाकडे ओंजळभर खडे होते. तिने ते डंपरमध्ये ओतले.*

*सहा. सात. आठ. नऊ.*

*दहावी खेप रिकामी आली. ईशान थांबला. त्याने डंपर वळवला, तोंड रेवाकडे केलं. "दहा झाल्या."*

*रेवाने डंपर घेतला. तो थोडा गरम लागला. ईशानच्या हातांमुळे. तिने तो खाली ठेवला. "आता माझ्या दहा. तू खडे भर."*

*संध्याकाळ झाली. सावल्या लांब झाल्या. ईशानला आईने हाक मारली. ईशान ईशानच्या घरी गेला. डंपर रेवाच्या घरी गेला.*

*रेवाने त्याची चाकं पुसली. तीन सरळ चाकं. एक वाकडं चाक. त्याला पलंगाखाली ठेवला. दिवा गेला. शेजारच्या घरात अजून खोकी उघडत होती. पट्टी निघायची, चर्रर्र… मग शांत. चर्रर्र… मग शांत. रेवा अंधारात मोजत होती. एक खेप गेली… रिकामी आली… दोन खेपा गेल्या… रिकाम्या आल्या… तीन…*

मृद्गंध

अक्षरवेल ताई, वाचताना "रिकाम्या हातांना काय करावं कळेना" इथे माझाच गळा भरून आला.

वाटसरू

सुंदर. डंपर रात्री घरी येतो हे सगळ्यात महत्त्वाचं. माझ्या गोष्टीत आगगाडी परत आलीच नव्हती.

एक विचारतो. दहा खेपाच का? आम्ही मुलांना "पाच मिनिटं दे" म्हणतो.

अक्षरवेल

पाच मिनिटं दिसत नाहीत. सहा वर्षांच्या मुलाला ती कधी सुरू झाली आणि कधी संपणार हे आपल्यालाच सांगावं लागतं, आणि ज्याच्या हातात डंपर आहे त्याला ती नेहमी कमी वाटतात. खेप दोघांनाही दिसते आणि दोघांनाही मोजता येते. मोठ्या माणसाला मध्ये पडावं लागत नाही. वर्गात झोक्यासाठी घड्याळ लावलं तेव्हा रोज माझ्याकडे तक्रारी यायच्या. "वीस झोके" ठरवलं तेव्हा रांगेतली मुलं स्वतःच मोठ्याने मोजायला लागली, आणि मोजता मोजता वाट बघणं हाच त्यांचा खेळ होऊन बसला.

दुसरा उपयोग रात्रीचा. खेपा शेवटी परत येतात त्या झोपवण्यासाठी. निवांत काकू म्हणाल्या तसा आवाज खाली आणायचा तो इथे. दुपारच्या खेपा वेगात आणि घर्रर्र मोठ्याने, ठक तर दचकवणारा. सावल्या लांब झाल्या की वाक्यं लहान आणि मधली शांतता मोठी. शेवटच्या मोजणीत एका खेपेला तुमचा एक पूर्ण श्वास. पूर्ण गोष्ट सहा-सात मिनिटं चालते. दहा मिनिटांवर गेली तर मूल एकतर गोष्टीच्या मध्येच झोपतं, नाहीतर पुन्हा ताजंतवानं होतं.

निवांत

मोजणी दहापर्यंत नेली नाहीस हे तू बरोबर केलंस. तीनवर सोडलीस. पुढचं मूल मोजेल किंवा झोपेल.

पण मला एक सांग. रेवा "नाही" म्हणते आणि कोणी तिला काही बोलत नाही. हे मुलांना सांगावं का? उद्या हा पण "नाही" म्हणून मोकळा होईल, आणि म्हणेल गोष्टीत रेवा म्हणाली होती.

पाटीपेन्सिल

मलाही ते खटकलं. आधी नकार, मग होकार, हा नाट्यासाठी ठीक आहे. पण झोपताना शेवटचं डोक्यात काय राहील? मी तिथे "रेवा काहीच बोलली नाही" एवढंच ठेवलं असतं.

अक्षरवेल

मी "नाही" मुद्दाम ठेवला. नकार देता आला नसता तर नंतरच्या "दहा खेपा" तिच्या झाल्या नसत्या. चेर्नियाक आणि कुशनीर यांचं एक काम आहे, तेही २०१३ चं. तीन-चार वर्षांच्या मुलांना एका उदास बाहुल्याला स्टिकर द्यायचा होता. काहींना खरोखर निवड दिली, स्वतःकडे ठेव किंवा त्याला दे. काहींना देण्यावाचून पर्याय ठेवला नाही. ज्यांनी स्वतः निवडून दिला त्यांनी पुढच्या वेळी दुसऱ्या बाहुल्याला जास्त दिले. मुलं लहान होती आणि स्टिकर म्हणजे डंपर नव्हे, हे मान्य. पण बावीस वर्षांत मला वर्गात हेच दिसलं.

तरी काकूंची शंका रास्त आहे. काही मुलं "नाही"पाशीच अडकतात आणि पुढची गोष्ट ऐकतच नाहीत. मृद्गंध, तुमचं मूल तुम्हाला माहीत. तो रोजच नकार देणारा असेल तर पाटीपेन्सिल म्हणतात तसं करून बघा.

स्वरदा

माझं मत "नाही"च्या बाजूने, पण वेगळ्या कारणासाठी. ईशान "बरं" म्हणतो आणि निघून जात नाही, बसतो. मी पाच घरांत तेच केलं. मृद्गंध, तुमची शेजारीण त्या दिवशी घरी गेली. ती बसली असती तर काय झालं असतं कोण जाणे. ठक झाल्यावर ईशान आधी चाक तपासतो, तेही फार आवडलं. खेळणं मोडेल ही भीती कोणी न बोलताच गोष्टीत आली.

रानपाखरू

मी काल ही गोष्ट माझ्या दोघांना सांगितली. धाकट्याला कळली नाही, तो घर्रर्र करत पलंगावर नाचला आणि अर्धा तास झोप उडाली. मोठा म्हणाला, "ईशानने अकरावी खेप केली असती तर?" मला उत्तर देता आलं नाही.

अक्षरवेल

तीन वर्षांच्या बाळासाठी ही गोष्ट नाहीच, त्याला आवाज तेवढा पुरतो. मोठ्याला उत्तर देऊ नका, त्यालाच विचारा रेवाने काय केलं असतं. पण दिव्याच्या उजेडात विचारा, झोपताना नको. झोपताना प्रश्न विचारला की मूल उठून बसतं.

मृद्गंध

तीन रात्री झाल्या, म्हणून लिहिते.

पहिल्या रात्री मी "नाही" काढून "रेवा काहीच बोलली नाही" म्हटलं. त्याने लगेच मला थांबवलं. "ती नाही म्हणाली असेल." मग मी "नाही" परत घातलं. तिसऱ्या खेपेच्या ठकला तो खरंच दचकला आणि म्हणाला, "मोडला?" पुढचं सांगेपर्यंत माझा हात धरून होता. शेवटी झोपला नाही, पुन्हा सांग म्हणाला.

दुसऱ्या रात्री "ईशान थांबला" इथे तो माझ्याआधी म्हणाला, "दहा झाल्या." नंतर अंधारात विचारलं, "तिची खोकी उघडली असतील का?" मी ईशानचं नाव घेतलं. तो म्हणाला, "ईशानची नाही, तिची."

काल ती आली. मी आतच थांबले. येण्याआधी त्याने ससा कपाटात वरच्या कप्प्यात ठेवायला लावला, दार मी लावलं का तेही पाहिलं. डंपर मात्र बाहेरच होता. तिने विचारल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पाचच खेपा." तिने पाच केल्या. चौथीला त्याने मध्येच हात घातला आणि ती म्हणाली, "अजून एक आहे." त्याने हात काढला, पण तोंड रडवेलं झालं होतं. वाकड्या चाकाचं त्याने तिला सांगितलं नाही. तिला ते कळलं की नाही, मलाही माहीत नाही. पाच झाल्यावर ती डंपर जमिनीवर ठेवून उठली आणि घरी जाऊन एक खोकं घेऊन आली. रिकामं. दोघं त्यात बसली होती, डंपर कोपऱ्यात पडून होता.

रात्री पुन्हा हीच गोष्ट हवी होती. या वेळी त्याने रेवाकडून पाचच खेपा करून घेतल्या. मी दहा म्हटलं की दुरुस्त करायचा.

निवांत

पाच तर पाच. कपाटाचं दार लावलंस हे छान केलंस.

वाटसरू

आमच्या लेकीसाठी पुन्हा प्रयत्न करावासा वाटतोय. तिच्याकडे डंपर नाही, दोरीवर वर-खाली होणारी क्रेन आहे. गोष्टीत डंपरच्या जागी क्रेन घातली तर चालेल का?

अक्षरवेल

चालेल. पण क्रेन जागची हलत नाही, मग खेपा होणार नाहीत. काय मोजायचं ते आधी ठरवा. आणि तिच्या क्रेनचं फक्त तिलाच माहीत असलेलं काय आहे, ते दिवसा तिच्याशेजारी बसून बघून घ्या.

वाटसरू

दोरी अर्ध्यावर अडकते. ती बोटाने सोडवते. बघतो आज.